सर्व्हर रूमचा गॅस अलार्म दर कापूस-हंगामात वाजतो: डिटेक्टर बदलण्याआधी भिंतीतली भोकं शोधा

दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात वेचणीला जोर येतो, जिनिंग सुरू होतात, आणि माझा फोन वाजायला लागतो. "साहेब, तो भोंगा पुन्हा वाजून रायला ना!" मी अकोल्याहून फायर अलार्म आणि गॅसने आग विझवणाऱ्या सिस्टिमच्या देखभालीचं काम करतो. बँका, पतसंस्था, बाजार समित्या, एकदोन कॉलेजं असे ग्राहक आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हीच तक्रार दर वर्षी येते, आणि दर वर्षी तिच्यावर तोच चुकीचा इलाज होतो. म्हणून एक पूर्ण प्रकरण इथे लिहितो.

जागा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, आणि मागच्या भिंतीपलीकडे पंधरा-वीस पावलांवर जिनिंग-प्रेसिंग. सर्व्हर रूम ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद. जमिनीपासून स्लॅबपर्यंत उंची ३ मीटर, त्यात खाली ३० सेंटिमीटरचा फॉल्स फ्लोअर. फॉल्स सीलिंग नाही. म्हणजे सगळं मिळून ६० घनमीटर. कोपऱ्यात आग विझवणाऱ्या एफएम-२०० गॅसचा एक सिलिंडर, फॉल्स फ्लोअरच्या वर एक नोझल आणि खाली एक, डिटेक्टर दोन झोनमध्ये वाटलेले, दाराबाहेर पॅनल.

तक्रार अशी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एक-दोनदा झोन १ लागतो आणि बेल वाजते. आग नाही, धूर नाही. रीसेट केलं की बंद. पहिल्या हंगामात आधीच्या माणसाने डिटेक्टर बदलले. पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या हंगामात कंपनी बदलून डिटेक्टर बदलले. तरी तेच. मग एका दुपारी दोन्ही झोन एकदम लागले, हूटर सुरू झाला आणि ३० सेकंदांची उलटी मोजणी चालू झाली. वॉचमन काकांनी धावत जाऊन अ‍ॅबॉर्टचं बटण दाबून धरलं, म्हणून गॅस सुटला नाही. त्यानंतर कुणीतरी सिलिंडरवरचा सोलेनॉइड, म्हणजे पॅनलचा इशारा आला की विजेने व्हॉल्व्ह उघडणारा भाग, काढून खिळ्याला टांगून ठेवला. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा तो तसाच लटकत होता आणि त्यावर धूळ बसली होती. पॅनलवर हिरवा दिवा, सिलिंडरचा काटा हिरव्यात, आणि आग लागली असती तर गॅसचा एक कणही सुटला नसता. तुमच्याकडे सोलेनॉइड जागेवर आहे का, हे आजच डोळ्यांनी पाहा. पॅनलवरून ते दर वेळी कळत नाही. सोलेनॉइडची वायर जोडलेली असेल आणि तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर नसेल, तर साध्या पॅनलला सगळं ठीकच दिसतं.

आधी लॉग, मग शिडी

डिटेक्टर हातात घेण्याआधी मी पॅनलचा इव्हेंट लॉग उतरवून घेतला. वॉचमनच्या रजिस्टरमध्येही वेळा होत्या, कारण बेल वाजली की लिहायचं असा नियम तिथल्या व्यवस्थापकांनी केला होता. त्या एका नियमाने माझे दोन दिवस वाचले. पॅनलवर नोंदी अशा दिसत होत्या:

```
11:42 MAINS FAIL
12:01 ZONE 1 FIRE
12:06 RESET
```

एकोणीस नोंदींपैकी सोळांमध्ये `ZONE 1 FIRE` च्या आधी पंधरा ते पंचवीस मिनिटांवर `MAINS FAIL` होतं. रात्रीची एकही नोंद नव्हती. डिटेक्टर खराब असता तर तो वीज जाण्याची वाट पाहत बसला नसता. मग पहिला संशय विजेच्या झटक्याचा येतो. पण पॅनल स्वतःच्या बॅटरीवर चालतं, आणि झटक्याचा परिणाम त्याच क्षणी दिसायला हवा, वीस मिनिटांनी नाही. वीस मिनिटं लागतात म्हणजे काहीतरी हळूहळू साचत होतं.

मी विचारलं, लाइट गेली की या खोलीत काय काय होतं? शिपाई म्हणाला, "काही नाही, एसी बंद होते, मंग आमी पंखा लावतो." कोणता पंखा? तर वरच्या झरोक्यात बसवलेला बारा इंची एक्झॉस्ट. जनरेटरवर एसी घेतलेला नव्हता, सर्व्हर यूपीएसवर चालू राहायचे, खोली तापायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी हा पंखा बसवून इन्व्हर्टरवर जोडला होता. हेतू चांगला होता. पण गॅस सिस्टिम बसवली तेव्हा तो नव्हता, आणि नंतर कुणी सिस्टिमवाल्याला सांगितलंही नाही.

आता हिशोब जुळतो. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दार बंद असतं, त्यामुळे ती भिंतीतल्या भोकांतून येते. गावाचा फीडर बंद असला तरी जिनिंगचा फीडर वेगळा, तिथे सरकी आणि रुई वेगळी होण्याचं काम चालूच असतं. मागच्या भिंतीबाहेर कापसाचे बारीक तंतू आणि पानांचा चुरा हवेत तरंगत असतो, आणि पंखा तो सगळा आत ओढतो.

धुराचा ऑप्टिकल डिटेक्टर आत प्रकाशाचा एक किरण सोडतो आणि तो विखुरला तर "धूर" म्हणतो. काजळीचा कण आणि कापसाचा तंतू यांतला फरक त्याला कळत नाही. त्याच्या चेंबरमध्ये थोडी धूळ आधीच बसलेली असेल तर तो आणखी हळवा होतो, आणि मग थोड्याशा लोटानेही लागतो. नवे डिटेक्टर पंधरा दिवस गप्प का राहायचे, याचं उत्तर हेच.

भोकं कशी सापडली

फॉल्स फ्लोअरच्या फरशा उचलल्या. मागच्या भिंतीत, जमिनीलगत, केबलसाठी फोडलेलं चौकोनी भोक होतं. केबल सोडून उरलेली मोकळी जागा साधारण २० बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीएवढी. त्याच्या कडेला राखाडी तंतूंची झालर लोंबत होती. हवा कुठून आत येते हे सांगायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. झोन १ चा डिटेक्टर तिथून दोन हातांवर होता. दुसरं भोक वर, एसीचे तांब्याचे पाइप बाहेर जातात तिथे, जवळपास तेवढंच. आणि तिसरा तो पंख्याचा झरोका, ज्याला ना डँपर, ना झडप.

तुम्ही हे शोधत असाल तर खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या माणसाला बाहेरून टॉर्च मारायला सांगा. बारीक फटींसाठी अगरबत्ती चालते, पण ती पेटवण्याआधी सोलेनॉइड सिलिंडरवरून उतरवा. नुसता पॅनलचा की-स्विच मॅन्युअलवर फिरवून भागत नाही. चाचणी संपल्यावर सोलेनॉइड परत बसवला की रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या घ्या. वर सांगितलेला खिळा आठवा.

इथवर हा धुळीचा प्रश्न वाटतो. पण त्या भोकाकडे पाहताना माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणाने. ज्या वाटेने धूळ आत येते, त्याच वाटेने गॅस बाहेर जाणार होता.

गॅस खोलीत टिकायला हवा

या खोलीचं डिझाइन ८ टक्के तीव्रतेवर, २० अंश तापमान धरून केलं होतं. सूत्र साधं आहे:

```
W = (V / S) × (C / (100 − C))
W = (60 / 0.1371) × (8 / 92) ≈ 38 kg
```

इथे `W` म्हणजे लागणारा गॅस किलोमध्ये, `V` म्हणजे खोलीचं घनफळ, `C` म्हणजे खोलीच्या हवेत गॅस किती टक्के हवा ती तीव्रता, आणि `S` म्हणजे त्या तापमानाला एक किलो गॅस किती घनमीटर जागा घेतो ते. हा ३८ किलो गॅस १० सेकंदांच्या आत सुटतो. एफएम-२०० म्हणजे एचएफसी-२२७ईए. ऑक्सिजन संपवून आग गुदमरवणं हे त्याचं मुख्य काम नाही. तो ज्वाळेतली उष्णता शोषून घेतो आणि काही प्रमाणात ज्वलनाची रासायनिक साखळीही तोडतो. खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ च्या आसपास येतो, एवढंच. म्हणून चुकून कुणी आत सापडलं तरी ८ टक्क्यांना माणूस गुदमरत नाही. ९ टक्क्यांपर्यंत अपाय दिसत नाही असं चाचण्यांनी ठरलेलं आहे. तरी हूटर वाजला की बाहेरच पडायचं, कारण तापलेल्या ज्वाळेत हा गॅस मोडून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि तो डोळ्यांना व फुप्फुसांना वाईट. गॅस १० सेकंदांत सोडण्याचा आग्रहही त्यासाठीच असतो: आग जितकी लवकर विझेल तितका हा विषारी वायू कमी.

पण विझलेली आग लगेच थंड होत नाही. वितळलेलं प्लास्टिक, तापलेली केबल, आतून धुमसणारा कागद हे सगळं पुन्हा पेटू शकतं. म्हणून गॅस किमान १० मिनिटं टिकायला हवा, आणि तोही संरक्षित उंचीपर्यंत, म्हणजे रॅकच्या माथ्यापर्यंत, डिझाइन तीव्रतेच्या ८५ टक्के. आपल्या खोलीत याचा अर्थ ६.८ टक्के.

आता भोकांचं पाहा. आठ टक्के गॅस मिसळलेली हवा साध्या हवेच्या सुमारे १.४ पट जड असते. ती खालच्या भोकातून बाहेर वाहते आणि वरच्या भोकातून साधी हवा आत येते. टाकीची तोटी उघडी आणि वरचं झाकणही उघडं, तसाच प्रकार. दोन्ही भोकं वहीएवढी धरली तर माझ्या गणिताने मिनिटाला सुमारे ३ घनमीटर मिश्रण बाहेर जातं. रॅकचा माथा स्लॅबपासून ७० सेंटिमीटर खाली, म्हणजे वरची १४ घनमीटर जागा रिकामी झाली की रॅकचा माथा उघडा पडला. पाचेक मिनिटांत खेळ संपला. लागतात दहा.

आणि हा हिशोब पंखा बंद धरून आहे. पंखा चालू असेल तर फारच वाईट. बारा इंची एक्झॉस्ट मोकळ्या हवेत तासाला हजार घनमीटरच्या घरात हवा ओढतो. फटींमुळे त्याच्या निम्मीच ओढली असं धरलं, तरी दीड मिनिटाच्या आत तीव्रता ६.८ च्या खाली घसरते. तो पंखा गॅस पॅनलला जोडलेलाच नव्हता. एसी ट्रिप होत होता, पंखा चालूच राहत होता.

"मग पाण्याचाच स्प्रिंकलर लावू ना"

हे सगळं मी संचालक मंडळासमोर मांडलं तेव्हा अध्यक्षांनी सरळ विचारलं, "इतकं सारं कायले? वर टाकी आहे, पाइप आहे. पाण्याचाच स्प्रिंकलर लावून टाकू." प्रश्न रास्त होता. गॅस महाग आहे, एकदा सुटला की सिलिंडर भरून येईपर्यंत खोली उघडी पडते. त्यांना मी जे सांगितलं ते असं.

साधा स्प्रिंकलर धुराने नाही, उष्णतेने उघडतो. नेहमीच्या काचेच्या बल्बला ६८ अंश लागतात, तेही छताजवळ. सर्व्हर रूममधली आग बहुधा एखाद्या पॉवर सप्लायपासून किंवा ढिल्या जोडणीपासून धुमसत सुरू होते. छताजवळची हवा ६८ अंशांवर जाईपर्यंत तो रॅक गेलेला असतो. गॅस सिस्टिम धुरावर चालते, ज्वाळा मोठी होण्याआधी. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट पाण्याची. नेहमीच्या मापाचा एक स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी सोडतो. शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक असतं हे खरं, पण ते प्रयोगशाळेत. आपल्या टाकीत खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आहे. ज्या पाण्याने शेत ओलवलं तर जमीन बिघडते, ते चालू सर्व्हरच्या बोर्डावर पडलं तर क्षारांमुळे वीज नको तिथून वाहते. बोर्ड वाळवून काढला तरी क्षार मागे राहतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तांब्यावर हिरवट गंज दिसतो. शिवाय आग एका रॅकमध्ये आणि पाणी मात्र शेजारच्या रॅकवर आणि फॉल्स फ्लोअरखालच्या सगळ्या वायरिंगवर. क्लीन एजंट म्हणतात ते याच कारणाने: तो वीज वाहत नाही आणि सगळा उडून जातो, मागे पुसायला काही उरत नाही.

याच कारणाने दाराजवळ टांगलेला एबीसी पावडरचा सिलिंडरही मी तिथून हलवायला लावला. ती पावडर अमोनियम फॉस्फेटची असते, दमट हवेत धातू खाते. एका टोपलीतल्या कागदासाठी तो उडवला तर सगळे सर्व्हर साफ करत बसावं लागेल. खोलीसाठी छोटा क्लीन एजंटचा किंवा सीओटूचा हातातला सिलिंडर ठेवा. मात्र पूर्ण खोली भरणारी सीओटू सिस्टिम माणसांच्या वावराच्या ठिकाणी नकोच. आग विझवायला लागणारी त्याची तीव्रता माणसाचा जीव घेते.

पाणी कायमचं वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये प्री-अ‍ॅक्शन स्प्रिंकलर असतात, म्हणजे डिटेक्टरने आग ओळखल्यावरच ज्यांच्या पाइपात पाणी येतं असे, आणि ते योग्यच आहेत. गॅस खोलीतलं सामान वाचवतो, पाणी इमारत वाचवतं. गॅसला मर्यादाही आहेत. यूपीएसच्या लिथियम बॅटरीतली आग तो थांबवू शकत नाही, कारण ती आतूनच पेटत राहते आणि गॅस तिला पुरेसं थंड करत नाही. शॉर्टसर्किटला वीज मिळत राहिली तर ठिणगीही पडत राहते, म्हणून गॅस सुटताना त्या रॅकचा पुरवठा तुटला पाहिजे. या पतसंस्थेच्या लीड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आम्ही बाहेरच्या खोलीत हलवल्या.

काय बदललं

पंखा काढला. झरोका विटांनी बांधून प्लास्टर केला. खोली तापू नये म्हणून दीड टनाचा एक इन्व्हर्टर एसी जनरेटरवर घेतला. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा खर्च हाच. तो झाला नसता तर पुढच्या उन्हाळ्यात, ४५ अंशांत लाइट गेल्यावर, कुणीतरी पुन्हा पंखा बसवलाच असता.

केबलच्या भोकात आगरोधक उशा आणि पुट्टी भरली. साधा पीयू फोम, थर्मोकोल, चिंध्या चालत नाहीत. आगीत तेच आधी जातात. दाराखाली बोटभर फट होती, तिथे दार मिटल्यावर आपोआप खाली येणारं रबरी सील लावलं. एक गोष्ट उलट्या बाजूने सांभाळायची: गॅस सुटताना खोलीत आधी दाब थोडा कमी होतो आणि मग वाढतो. खोली डब्यासारखी घट्ट केली तर भिंतीवर आणि दारावर ताण येतो. म्हणून दाब मोकळा करणारी झडप लागते का, हे गॅस डिझाइन करणाऱ्याकडून तपासून घ्या. आणि कुठे ती आधीच बसवलेली असेल तर फट समजून बुजवू नका.

डिटेक्टर नवे घेतले नाहीत. जुनेच उघडून, चेंबर व्हॅक्यूमने साफ करून बसवले आणि स्प्रेने चाचणी घेतली. मग सोलेनॉइड उतरवून त्याच्या वायरींना २४ व्होल्टचा दिवा लावला आणि पूर्ण क्रम चालवून पाहिला. झोन १ ला धूर दिला, बेल वाजली. झोन २ ला दिला, हूटर वाजला, एसी बंद पडला, आणि ३० सेकंदांनी दिवा पेटला. हा दिवा पेटताना पाहिल्याशिवाय सिस्टिम चालू आहे असं मी कुणाला लिहून देत नाही.

शेवटी नागपूरहून डोअर फॅन टेस्टचं यंत्र मागवलं. दारात पंखा बसवून खोलीत दाब देतात, मग उलटा ओढतात, आणि किती हवा गळते त्यावरून गॅस किती वेळ टिकेल ते काढतात. गॅस वाया न घालवता हे कळतं. पहिल्या फेरीत सात मिनिटं आली. फॉल्स फ्लोअरखाली कोपऱ्यात एक जुना रिकामा पाइप राहिला होता. तो बुजवल्यावर चौदा मिनिटं आली.

पुढचा हंगाम सुरू झाला. नोव्हेंबर शांत, डिसेंबर शांत. जानेवारीत व्यवस्थापकांचा फोन आला: झोन १ लागला, लाइट चालू असताना. मी एवढंच विचारलं, गेल्या आठवड्यात कुणी नवी केबल ओढली का? इंटरनेटवाला मंगळवारी येऊन गेला होता. पुट्टी उकरून त्याने फायबर आत घातला होता आणि भोक तसंच ठेवलं होतं. आता तिथल्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला आहे: भिंतीतून काही आत-बाहेर केलं का, कुणी, आणि कोणत्या तारखेला बुजवलं.